नॉन-इन्फिरिऑरिटी मार्जिन कुठून आणायचे आणि निष्कर्षाचे वाक्य कसे लिहायचे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बायोस्टॅटिस्टिक्सचे काम करते. गोव्यातले पीजीचे विद्यार्थी आणि तरुण डॉक्टर थिसिस किंवा पेपर घेऊन येतात. कुणी फोंड्याहून, कुणी म्हापशाहून, तर कुणी मडगावहून फोटो काढून मोबाईलवर पाठवतात. नॉन-इन्फिरिऑरिटी चाचण्यांबद्दल त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सगळी उत्तरे एकाच उदाहरणावर बेतली आहेत: सिझेरियननंतर पाच दिवस ॲंटिबायोटिक द्यायचे, की शस्त्रक्रियेआधीचा एकच डोस पुरतो? उदाहरणातल्या चाचणीचे आकडे समजावण्यासाठी मी बनवलेले आहेत. जिथे खऱ्या अभ्यासाचा आकडा आहे तिथे तसे सांगितले आहे.

१. नॉन-इन्फिरिऑरिटी चाचणी म्हणजे नेमके काय? दोन्ही उपचार सारखे आहेत हे सिद्ध करणे ना?

नाही. दोन्ही अगदी सारखे आहेत हे कुठलीच चाचणी सिद्ध करू शकत नाही. इथे प्रश्न एवढाच असतो: नवा उपचार जुन्यापेक्षा वाईट असलाच, तर आपण आधी ठरवलेल्या हद्दीपेक्षा जास्त वाईट नाही ना? ती हद्द म्हणजे मार्जिन.

आपल्या उदाहरणात जुना उपचार म्हणजे पाच दिवसांचा कोर्स आणि नवा म्हणजे एक डोस. एका डोसने टाक्यांतला जंतुसंसर्ग कमी होईल अशी कुणाचीच अपेक्षा नाही. फायदा दुसरीकडे आहे. सलाईनची सुई लवकर निघते, औषध कमी लागते, नर्सची फेरी वाचते, जंतूंना औषधाची सवय लागण्याची शक्यता घटते. या फायद्यांच्या बदल्यात जंतुसंसर्ग किती वाढलेला चालेल, हे मार्जिन सांगते. जिथे असा काहीच बदला मिळत नाही तिथे ही रचना निवडण्याला कारणच उरत नाही. म्हणून पेपरच्या प्रस्तावनेत हा बदला काय आहे ते एका वाक्यात यायला हवे.

२. p ची किंमत ०.०५ पेक्षा जास्त आली. म्हणजे फरक नाही. मग नॉन-इन्फिरिअर म्हणायला काय हरकत?

सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न हाच. दोन चाचण्या शेजारी ठेवून पाहा.

पहिलीत प्रत्येक गटात १२० बायका. पाच दिवसांच्या गटात १० जणींना जंतुसंसर्ग, एका डोसच्या गटात १३ जणींना. म्हणजे ८.३ आणि १०.८ टक्के, फरक २.५ टक्के-अंकांचा. दुसरीत प्रत्येक गटात ९५० बायका. पाच दिवसांच्या गटात ७६, एका डोसच्या गटात ८४. म्हणजे ८.० आणि ८.८ टक्के, फरक ०.८ टक्के-अंकाचा.

दोन्हींत p येतो ०.५१. पण ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल बघा. पहिलीत तो −४.९ पासून ९.९ पर्यंत जातो, दुसरीत −१.७ पासून ३.३ पर्यंत. पहिली चाचणी म्हणते, एका डोसने जंतुसंसर्ग जवळपास दहा टक्के-अंकांनी वाढत असेल तरी माझ्या आकड्यांशी ते विसंगत नाही. दुसरी म्हणते, वाढ साडेतीनच्या वर जाण्याची शक्यता मला दिसत नाही. p ला या दोघींतला भेद कळतच नाही. तो फक्त ‘फरक शून्य आहे’ या कल्पनेविरुद्ध पुरावा किती, एवढेच सांगतो. पुरावा कमी पडला याचे कारण फरक लहान हेही असू शकते आणि बायका कमी हेही.

म्हणून निकालात p मागे आणि इंटरव्हल पुढे. इंटरव्हल आर या सॉफ्टवेअरमध्ये असा काढा:

```
prop.test(c(84, 76), c(950, 950), correct = FALSE)
```

नव्या उपचाराचा आकडा आधी लिहिला आहे, म्हणजे फरक ‘नवा वजा जुना’ असा येतो. घटना वाईट असेल तेव्हा वरचे टोक मार्जिनशी ताडायचे. दिशा उलटी झाली की सगळा निष्कर्ष उलटतो. तशी चूक मी छापायला निघालेल्या मसुद्यातही पाहिली आहे.

३. मार्जिन १० टक्के धरले तर चालेल ना? सगळे तेच धरतात.

एका शनिवारी एक पीजी विद्यार्थिनी स्पायरल बाइंडिंग केलेला मसुदा घेऊन माझ्यासमोर बसली होती. नमुना-संख्येच्या परिच्छेदात एका ओळीवर पिवळा हायलायटर होता, गाईडने ओढलेला: ‘मार्जिन १० टक्के धरले.’ हे कुठून आले, मी विचारले. ‘मॅडम, सिनिअरच्या थिसिसमधून.’ सिनिअरने कुठून घेतले? आम्ही तो थिसिस उघडला. त्यात संदर्भ होता त्वचेच्या जंतुसंसर्गावरच्या एका औषध-चाचणीचा. आजार वेगळा, मोजलेली गोष्टही वेगळी. तिथे ‘बरे झाले’ हे मोजले होते, इथे ‘संसर्ग झाला’ हे मोजायचे होते.

त्वचेच्या तीव्र जंतुसंसर्गात दहा टक्के मान्य होतात, कारण तिथे ॲंटिबायोटिकने बरे होणारे आणि त्याविना बरे होणारे यांच्यातले अंतर दहापेक्षा बरेच मोठे आहे. दहा गमावले तरी औषधाचा बराचसा गुण शिल्लक राहतो. सिझेरियनच्या जखमेत तसे आहे का? ते मोजल्याशिवाय कळत नाही, आणि ते मोजणे म्हणजेच मार्जिनचे समर्थन. हिशेब पुढच्या उत्तरात आहे.

४. मग मार्जिन काढायचे कसे? पायऱ्या सांगा.

पहिली पायरी: जुन्या उपचाराने ‘काहीच न देण्या’च्या तुलनेत किती मिळवले ते शोधा. आपल्या सुदैवाने इथे पुरावा भक्कम आहे. सिझेरियनमध्ये प्रतिबंधक ॲंटिबायोटिकवरच्या कॉक्रेनच्या २०१४ च्या आढाव्यात ८२ अभ्यास आणि १४ हजारांवर बायका मिळून जखमेच्या संसर्गाचा रिस्क रेशो ०.४० आला, ९५ टक्के इंटरव्हल ०.३५ ते ०.४६. म्हणजे संसर्ग शंभराच्या जागी चाळीस.

दुसरी पायरी: ०.४० घ्यायचे नाही, इंटरव्हलचे औषधाच्या दृष्टीने सर्वांत वाईट टोक घ्यायचे, म्हणजे ०.४६. औषधाचा गुण निदान एवढा तरी आहे याची खात्री त्या टोकालाच मिळते. आता उलटा विचार करा. औषध काढून घेतले तर संसर्ग किती पट होईल? १ भागिले ०.४६, म्हणजे २.१७ पट. ही झाली जुन्या उपचाराची सगळी कमाई. अमेरिकेच्या एफडीएच्या २०१६ च्या मार्गदर्शनात हिला M1 म्हटले आहे.

तिसरी पायरी: या कमाईतला किती भाग गमावलेला चालेल ते ठरवा. निदान अर्धा तरी राखायचा, अशी रीत आहे. रेशोचा अर्धा भाग लॉगच्या मापात काढतात, म्हणजे प्रत्यक्षात वर्गमूळ: २.१७ चे वर्गमूळ १.४७. हे M2, आणि चाचणीत वापरायची हद्द या M2 च्या आतली.

चौथी पायरी: तुमच्या रुग्णालयाच्या आकड्यांत ते उतरवा. जुन्या उपचारावर संसर्ग ८ टक्के असेल तर ८ गुणिले १.४७ म्हणजे ११.८ टक्के. वाढ ३.८ टक्के-अंकांची.

आता तिसऱ्या प्रश्नातले दहा आठवा. ८ अधिक १० म्हणजे १८ टक्के. औषध अजिबात दिले नाही तर सावध अंदाजाने संसर्ग होईल ८ गुणिले २.१७, म्हणजे १७.४ टक्के. दहाचे मार्जिन त्याच्याही पलीकडे आहे. म्हणजे त्या चाचणीत एका डोसऐवजी नुसते पाणी टोचले, तरी भरपूर बायका घेतल्या तर पाणी ‘नॉन-इन्फिरिअर’ ठरण्याला वाव आहे. दुसऱ्या प्रश्नातली १२० बायकांची चाचणी पुन्हा पाहा. तिचे वरचे टोक ९.९ होते. दहाच्या मार्जिनने ती पास झाली असती.

५. अर्धा भाग राखायचा हे कोणी ठरवले? आणि ३.८ हेच अंतिम का?

अर्धा ही रीत हृदयविकार आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधांच्या चाचण्यांतून रुळली. वॉरफरीनच्या चाचण्यांवर एफडीएने केलेला हिशेब नेमका असाच आहे: सहा जुन्या चाचण्यांच्या एकत्रित इंटरव्हलचे टोक उलटवून M1 सुमारे १.९०, त्याचे वर्गमूळ १.३८. पण हा निसर्गनियम नाही. मृत्यूसारखी गोष्ट मोजत असाल तर अर्धा गमावणे फार होईल.

शेवटचा आकडा डॉक्टरांच्या निर्णयाचा असतो, आणि तो माणसांत मोजून घ्यावा. ३.८ टक्के-अंक म्हणजे दर हजार सिझेरियनमागे ३८ जादा बायका टाके पिकून परत येणार, बाळाला घेऊन ड्रेसिंगसाठी रांगेत बसणार. आपण हे चालवून घेणार आहोत का, असे विभागातल्या प्रसूतितज्ज्ञांना विचारा. त्या वॉर्डात बाळंत झालेल्या चार-पाच बायकांनाही विचारा. त्यांचे उत्तर पेपरमध्ये येऊ द्या. आपल्या उदाहरणात विभागाने ३.५ वर हात ठेवला असे धरू. M2 च्या आत आहे, म्हणून चालते. तुम्ही ३ म्हणालात तर मला जास्त आवडेल, पण बायकांची संख्या त्याप्रमाणे वाढेल.

एक गोष्ट उलट्या क्रमाने कधीही करू नका: नमुना-संख्या आधी आणि मार्जिन नंतर.

६. ३.५ धरले तर बायका किती लागतात?

```
n = (1.96 + 0.84)^2 * 2 * p * (1 - p) / d^2
```

इथे p म्हणजे ०.०८ आणि d म्हणजे मार्जिन ०.०३५. प्रत्येक गटात सुमारे ९४२ येतात. ८० टक्के पॉवर धरली आहे, आणि दोन्ही उपचारांवर खरा संसर्ग सारखाच आहे असे गृहीत आहे. पाठपुराव्यात निसटणाऱ्यांसाठी वर आणखी घ्या. d ला ०.१० केले की हाच आकडा ११६ वर येतो. दहाचे मार्जिन एवढे लोकप्रिय का, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे.

७. एका थिसिसमध्ये १९०० बायका कुठून आणू? मार्जिन थोडे वाढवले तर?

ही अडचण खरी आहे आणि मला तिची कळकळ आहे. तीन वर्षांत, एका युनिटमध्ये, इतर कामे सांभाळून १९०० हा आकडा बहुतेकांना जमणार नाही. पण मार्जिन वाढवून अडचण सुटत नाही. उत्तराचा अर्थ तेवढा जातो.

दोन-तीन रुग्णालयांनी मिळून एक प्रोटोकॉल करावा, हा सर्वांत चांगला मार्ग. गोव्यासारख्या छोट्या राज्यात अंतरे कमी आहेत, सगळे एकमेकांना ओळखतात, त्यामुळे हे इथे इतर ठिकाणांपेक्षा सोपे आहे. ते नाही जमले तर लहान चाचणी करा, पण तिला नॉन-इन्फिरिऑरिटी म्हणू नका. फरक आणि इंटरव्हल द्या आणि लिहा की या आकाराच्या अभ्यासातून हद्दीबद्दल निष्कर्ष काढता येत नाही. पुढे कुणी मेटा-ॲनालिसिस करेल तेव्हा तुमचे १२० अधिक १२० आकडे प्रामाणिकपणे त्यात जमा होतील.

८. मेथड्समध्ये मार्जिनचा परिच्छेद प्रत्यक्ष कसा लिहायचा?

रिव्ह्यूअर तीन गोष्टी शोधतो: आकडा, तो कशातून आला, आणि कधी ठरला. आपल्या उदाहरणाचा परिच्छेद मी असा लिहीन. पेपर इंग्रजीत असला तरी सांगाडा हाच:

‘प्रतिबंधक ॲंटिबायोटिक विरुद्ध प्लासिबो किंवा काहीच नाही, या तुलनेत जखमेच्या संसर्गाचा एकत्रित रिस्क रेशो ०.४० (९५ टक्के इंटरव्हल ०.३५ ते ०.४६) आहे. इंटरव्हलच्या सावध टोकावरून, लॉग-मापात निम्मा परिणाम राखला जाईल अशी हद्द १.४७ येते. नियंत्रण गटात ८ टक्के संसर्ग अपेक्षित धरता ही ३.८ टक्के-अंकांची वाढ होते. प्रसूतितज्ज्ञ आणि नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रियांशी बोलून मार्जिन ३.५ टक्के-अंक ठरवले. पहिल्या स्त्रीची नोंद होण्याआधी ते प्रोटोकॉलमध्ये आणि सीटीआरआयच्या नोंदणीत नमूद केले.’

शेवटचे वाक्य खरे असेल तरच लिहा. संपादक नोंदणीचे पान उघडून बघतात, आणि तिथे जुन्या आवृत्त्याही दिसू शकतात. मार्जिन नंतर बदलले असेल तर कधी आणि का ते तिथेच सांगा.

‘मार्जिन क्लिनिकल अनुभवावरून ठरवले’ एवढेच लिहिलेले पेपर पुष्कळ छापून येतात. तरीही ते समर्थन नव्हे. चाचणीचा अहवाल कसा लिहायचा हे सांगणाऱ्या कॉन्सॉर्टच्या नॉन-इन्फिरिऑरिटी चाचण्यांसाठीच्या विस्तारात (पहिला २००६, सुधारित २०१२) मार्जिनच्या निवडीमागचे कारण देण्याची अपेक्षा आहे.

९. जुन्या चाचण्या जुन्या काळातल्या आहेत. आज औषधाचा गुण तेवढाच आहे कशावरून?

योग्य शंका. यालाच स्थिरतेचे गृहीतक म्हणतात: पूर्वी मोजलेला परिणाम आजच्या रुग्णांतही टिकून आहे. तो टिकला नसेल असे मानायला कारणे असतात. शस्त्रक्रियेची तयारी सुधारली, ॲंटिबायोटिक आता काप घेण्याआधी देतात, जंतूंची प्रतिकारशक्ती वाढली. पहिली दोन संसर्ग एकूणच कमी करतात, तिसरे औषधाचा गुण घटवते.

हे गृहीतक तुमच्या चाचणीतून तपासता येत नाही, कारण तुमच्या चाचणीत प्लासिबो नाही. तुम्ही करू शकता ते इतकेच: तुमचे रुग्ण, डोस, वेळ आणि संसर्गाची व्याख्या जुन्या चाचण्यांशी किती जुळते ते लिहा, आणि शंका असेल तिथे मार्जिन आणखी आत ओढा. टाके काढेपर्यंतच पाहिले, की तीस दिवस पाहिले, हा फरक इथे फार मोठा ठरतो. घरी गेल्यावर पिकलेली जखम पाठपुरावा नसेल तर कुठल्याच गटात मोजली जात नाही, आणि मग दोन्ही गट खोटेच सारखे दिसू लागतात.

१०. चाचणी झाली आणि संसर्ग अपेक्षेपेक्षा खूप कमी निघाला. मार्जिन तेच ठेवायचे?

हा सापळा अनुभवी लोकांनाही पकडतो. समजा पाच दिवसांच्या गटात ८ ऐवजी फक्त ३ टक्के संसर्ग झाला. ३ अधिक ३.५ म्हणजे ६.५ टक्के. ३ च्या तुलनेत हे २.१७ पट. हा आकडा ओळखीचा वाटेल, कारण तो चौथ्या प्रश्नातला M1 आहे. म्हणजे अर्धा गुण राखण्यासाठी बांधलेली हद्द आता सगळाच गुण गमावू देते, आणि मार्जिनचा आकडा तर कुणी बदललेला नाही.

झिमेलागाट्रान या औषधाच्या स्पोर्टिफ-५ चाचणीत असेच झाले. वॉरफरीनवर वर्षाला सुमारे ३.१ टक्के स्ट्रोक वगैरे होतील असे धरून २ टक्के-अंकांचे मार्जिन घेतले होते. प्रत्यक्षात वॉरफरीन गटात १.२ टक्केच झाले. फरक ०.४५ आणि इंटरव्हलचे वरचे टोक १.०३, म्हणजे चाचणी पास. पण रेशोच्या मापात वरचे टोक दोनच्या वर होते. पाचव्या प्रश्नातला वॉरफरीनचा M1 सुमारे १.९० होता, म्हणजे हे टोक त्याच्याही पलीकडे.

उपाय प्रोटोकॉल लिहितानाच करायचा: दोन्ही मापे ठेवा. ‘फरक ३.५ च्या आत आणि रेशो १.४७ च्या आत, दोन्ही जमले तरच नॉन-इन्फिरिअर’ असे आधीच लिहा. ते राहून गेले असेल तर निदान रेशो आणि त्याचा इंटरव्हल निकालात द्या, आणि चर्चेत संसर्ग कमी निघाल्याचा परिणाम स्वतःहून सांगा. रिव्ह्यूअरने विचारण्याची वाट पाहू नका.

११. इंटेन्शन-टू-ट्रीट घ्यायचे की पर-प्रोटोकॉल?

पहिल्यात प्रत्येक बाई जो गट वाट्याला आला त्यातच मोजतात, मग उपचार कुठलाही मिळो. दुसऱ्यात ठरलेला उपचार पाळलेल्याच बायका मोजतात. दोन्ही द्या, आणि दोन्हींत निष्कर्ष एकच येतो का ते सांगा. श्रेष्ठता दाखवायच्या चाचणीत इंटेन्शन-टू-ट्रीट सावध बाजू असते. इथे ती सावध राहीलच असे नाही. एका डोसच्या गटातल्या वीस टक्के बायकांना नर्सने सवयीने पाच दिवस औषध दिले, तर दोन्ही गट एकमेकांसारखे होतात आणि पास होणे सोपे जाते. पर-प्रोटोकॉलमध्ये मात्र गळतीमुळे गटांचा तोल ढळू शकतो. म्हणून एकट्यावर भिस्त नको. किती जणींचा उपचार बदलला तो आकडा दोन्ही गटांसाठी वेगवेगळा छापा.

१२. निष्कर्षाचे वाक्य नेमके काय लिहू?

आपल्या मोठ्या चाचणीसाठी:

‘सिझेरियननंतर ३० दिवसांतल्या जखमेच्या संसर्गाबाबत एक डोस हा पाच दिवसांच्या कोर्सपेक्षा ३.५ टक्के-अंकांच्या मार्जिनने नॉन-इन्फिरिअर होता (फरक ०.८, ९५ टक्के इंटरव्हल −१.७ ते ३.३).’

या वाक्यात कशाबाबत, कशापेक्षा, किती मार्जिनने आणि इंटरव्हल काय, एवढे सगळे आहे. यातले काहीही गाळले तर वाचणारा बाकीचे आपल्या मनाने भरतो. ॲब्स्ट्रॅक्टमध्येही मार्जिन गाळू नका, कारण बहुतेक डॉक्टर तेवढेच वाचतात आणि वॉर्डात तेवढेच सांगतात.

‘सारखाच परिणामकारक’, ‘तितकाच चांगला’, ‘समतुल्य’ हे शब्द टाळा. समतुल्यता ही वेगळी रचना आहे, तिथे दोन्ही बाजूंना हद्द असते. आणि ‘तितकाच सुरक्षित’ तर मुळीच नको. या चाचणीने जखमेचा संसर्ग मोजला. ताप, गर्भाशयाचा संसर्ग, पुन्हा भरती होणे, यांच्यासाठी कुठलीही हद्द आपण बांधली नव्हती, म्हणून त्यांचे फक्त आकडे द्यायचे.

१३. इंटरव्हल मार्जिन ओलांडून गेला. म्हणजे नवा उपचार निकृष्ट ठरला ना?

नाही. समजा फरक १.५ आणि इंटरव्हल −१.२ ते ४.२ आला. वरचे टोक ३.५ च्या पलीकडे आहे, म्हणून नॉन-इन्फिरिऑरिटी दाखवता आली नाही. पण ३.५ पेक्षा वाईट आहे हेही दाखवलेले नाही. वाक्य असे: ‘एका डोसची नॉन-इन्फिरिऑरिटी सिद्ध झाली नाही, संसर्गात ४.२ टक्के-अंकांपर्यंत वाढ नाकारता येत नाही.’ हद्दीपेक्षा वाईट असे म्हणायला इंटरव्हलचे खालचे टोकही ३.५ च्या वर असावे लागते.

अशा वेळी निष्कर्षात ‘तरीही p ०.०५ पेक्षा जास्त असल्याने दोन्ही उपचार तुल्य’ असे लिहायचा मोह होतो. ते का चुकीचे ते दुसऱ्या प्रश्नात आहे.

१४. आमचा इंटरव्हल ०.४ ते ३.४ आहे. मार्जिनच्या आत आहे पण शून्याच्याही वर आहे! आता काय लिहू?

हे विचित्र वाटते पण मोठ्या चाचण्यांत होते. एकाच वेळी दोन गोष्टी खऱ्या आहेत: नवा उपचार ठरवलेल्या हद्दीच्या आत आहे, आणि तो जुन्यापेक्षा थोडा वाईट आहे. दोन्ही लिहा, एकाच वाक्यात: ‘एक डोस ३.५ च्या मार्जिनने नॉन-इन्फिरिअर ठरला, तथापि संसर्ग पाच दिवसांच्या कोर्सपेक्षा जास्त होता (फरक १.९, इंटरव्हल ०.४ ते ३.४).’ दुसरा अर्धा भाग गाळलेला ॲब्स्ट्रॅक्ट वाचून कुणी औषध बदलले, तर त्या वॉर्डातल्या बायकांना आपण पूर्ण माहिती दिली नाही असे होते.

१५. नॉन-इन्फिरिअर निघाले आणि इंटरव्हल शून्याच्या खालीच राहिला. श्रेष्ठ म्हणू शकतो?

हो. आधी नॉन-इन्फिरिऑरिटी, ती जमली तरच श्रेष्ठता, हा क्रम प्रोटोकॉलमध्ये आधी लिहिला असेल तर p साठीची ०.०५ ची मर्यादा कमी करण्याचीही गरज नाही. उलटा प्रवास मात्र चालत नाही. श्रेष्ठतेची चाचणी नापास झाली म्हणून नंतर मार्जिन शोधून ‘निदान वाईट तरी नाही’ म्हणायचे, तर ते मार्जिन निकाल पाहून बेतलेले असते.

१६. जुन्या उपचाराची प्लासिबोशी तुलनाच झालेली नाही. मग काय?

पावसाळ्यात गोव्यातून हा प्रश्न लेप्टोस्पायरोसिसच्या रूपात येतो: पेनिसिलिनऐवजी दुसरे ॲंटिबायोटिक, नॉन-इन्फिरिऑरिटी चाचणी करू का? इथे पेनिसिलिन विरुद्ध प्लासिबो अशा चाचण्या थोड्या आणि लहान आहेत, आणि त्यांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. चौथ्या प्रश्नातली पहिलीच पायरी अडते. M1 शून्य असू शकतो. अशा वेळी नवे औषध पेनिसिलिनपेक्षा वाईट नाही असे दाखवले, तरी दोन्ही औषधे काही करतात की दोन्ही काहीच करत नाहीत, हे कळत नाही. आयसीएच ई-१० या २००० सालच्या दस्तऐवजातही हीच अट आहे: जुन्या उपचाराने प्लासिबोच्या तुलनेत जेवढा परिणाम खात्रीने दाखवला आहे, मार्जिन त्याच्या आत हवे. खात्रीचा परिणामच नसेल तर मार्जिन उभे राहायला जागा नाही. तापाचे दिवस किंवा रुग्णालयातले दिवस कमी होतात का, अशी श्रेष्ठतेची चाचणी मांडणे मला जास्त प्रामाणिक वाटते.

शस्त्रक्रियेच्या पद्धती किंवा टाक्यांचे प्रकार यांतही प्लासिबो नसतो. तिथे मार्जिन फक्त पाचव्या प्रश्नातल्या मार्गाने, म्हणजे डॉक्टर आणि रुग्ण यांच्या निर्णयातून येते. चालते, पण पेपरमध्ये स्पष्ट लिहा की ऐतिहासिक परिणामाचा आधार उपलब्ध नव्हता आणि मार्जिन कुणाला विचारून ठरले.

१७. पूर्वी नॉन-इन्फिरिअर ठरलेल्या उपचारालाच आता जुना उपचार म्हणून घेतले तर?

सावध राहा. ‘अ’ पेक्षा ‘ब’ थोडा वाईट चालला, ‘ब’ पेक्षा ‘क’ थोडा वाईट चालला, असे तीन-चार वेळा झाले की ‘क’ कदाचित काहीच न देण्याच्या जवळ पोहोचलेला असतो, आणि प्रत्येक पेपर आपापल्या जागी बरोबर दिसतो. मार्जिन नेहमी मूळ पुराव्यापासून, म्हणजे ‘अ’ विरुद्ध प्लासिबोपासून मोजा. ‘ब’ने आधीच गमावलेला भाग त्यातून वजा करा. आपल्या उदाहरणात उद्या कुणी एका डोसलाच नियंत्रण गट करून त्याहून स्वस्त औषध तपासले, तर १.४७ ची हद्द तिथे जशीच्या तशी उचलता येणार नाही. एका डोसने तिच्यातला काही भाग आधीच वापरलेला असेल.